कंपनीचे अधिकारपत्र: प्रतिनिधीने बँकेतून मूळ कागद घेऊन पोच द्यायची असेल तर पत्रात काय लिहावे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुढील सर्व उत्तरे एकच प्रसंग समोर ठेवून लिहिली आहेत. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत शेड असलेल्या एका लहान खासगी मर्यादित कंपनीने त्या शेडवर घेतलेले मुदत कर्ज पूर्ण फेडले आहे, बँकेने कागद घेऊन जाण्यास कळवले आहे, आणि दोन्ही संचालक कामात असल्यामुळे कंपनीचा लेखापाल शाखेत जाणार आहे. त्याला तेथे मूळ कागद ताब्यात घ्यायचे आहेत आणि बँकेच्या पोचपावतीवर सही करायची आहे. उदाहरण समजावण्यापुरते रचलेले असले, तरी त्यात येणाऱ्या अडचणी प्रत्यक्ष कामात नेहमी येणाऱ्याच आहेत.

“आमचा प्रतिनिधी कागद घेण्यास येत आहे, कृपया द्यावेत” एवढे लेटरहेडवर लिहून दिले तर पुरत नाही का?

पुरत नाही, कारण या वाक्यात दोन अधिकारांपैकी एकच दिला आहे. कागद हातात घेणे ही एक कृती आहे आणि “हे कागद कंपनीला मिळाले” असे कंपनीच्या वतीने लिहून देणे ही दुसरी. पहिली कृती एखादा अंगडिया किंवा शिपाईदेखील करू शकतो. दुसऱ्या कृतीमुळे मात्र बँकेची कागद सांभाळण्याची जबाबदारी संपते आणि पुढे एखादा कागद कमी निघाला तर तीच पावती कंपनीसमोर ठेवली जाते. म्हणून सावध शाखाधिकारी पत्रात “ताब्यात घेण्याचा” आणि “पोच देऊन सही करण्याचा” असे दोन्ही अधिकार वेगवेगळे लिहिलेले आहेत का, हे पाहतो. ते नसतील तर तो प्रतिनिधीला परत पाठवतो, आणि माझ्या मते तो योग्यच करतो.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १८८ नुसार एखादे काम करण्याचा अधिकार दिला की त्यासाठी आवश्यक असलेल्या कायदेशीर गोष्टी करण्याचा अधिकारही त्यात येतो. त्यामुळे कागद घेण्याच्या अधिकारात साधी पोच देणे आपोआप आले, असा युक्तिवाद करता येईल. पण तो वाद झाल्यावर वकिलाने करायचा युक्तिवाद आहे, काउंटरवर त्याचा उपयोग नाही. शिवाय त्यात कंपनीचाच एक तोटा आहे. पोच देण्याचा अधिकार गृहीत धरला गेला, तर त्याची मर्यादाही कोणीतरी दुसराच ठरवणार.

मग त्या मर्यादेत काय यावे?

बहुतेक अधिकारपत्रे येथेच कच्ची राहतात, म्हणून या प्रश्नाला थोडी जागा देतो.

बँकेची पोचपावती सहसा छापील असते आणि तिच्यात दोन वेगळी विधाने एकत्र आलेली असतात. “खाली नमूद केलेले कागद मिळाले” हे त्यातले पहिले. दुसरे विधान काहीसे असे असते: “सर्व मूळ कागद पूर्ण व सुस्थितीत मिळाले असून बँकेविरुद्ध आमचा कोणताही दावा उरलेला नाही.” पहिले विधान ही वस्तू मिळाल्याची कबुली आहे, तर दुसऱ्याने कंपनी आपला हक्क सोडून देते. जादा कापलेले व्याज, परत न मिळालेले शुल्क, हरवलेला नकाशा अशा कोणत्याही गोष्टीसाठी नंतर पत्र लिहिले, तर बँक हेच वाक्य दाखवील. लेखापालाला असा हक्क सोडण्याचा अधिकार द्यावा, असे संचालकांच्या मनातही नसते. तरीही पत्रात “कागद घेण्यासाठी व त्यासंबंधी सर्व आवश्यक कृती करण्यासाठी” असे सैल शब्द असले, तर समोरच्याला तो अधिकार दिल्यासारखा दिसू शकतो. करार अधिनियमाचे कलम २३७ नेमके अशाच स्थितीसाठी आहे. कंपनीच्या शब्दांमुळे किंवा वागण्यामुळे प्रतिनिधीला अधिकार आहे असा समज तिऱ्हाइताचा झाला असेल, तर प्रतिनिधीने मर्यादा ओलांडून केलेली गोष्टही कंपनीला बांधू शकते.

यावर उपाय सोपा आहे. प्रतिनिधीची सही कशाची आहे आणि कशाची नाही, हे पत्रातच लिहावे. पत्र बँकेच्या हाती गेले की मर्यादा बँकेला ठाऊक झाली, आणि ज्याला मर्यादा ठाऊक होती त्याला “आम्हांला वाटले की त्याला अधिकार आहे” असे म्हणणे अवघड जाते.

प्रत्यक्ष मजकूर कसा असावा?

मुख्य परिच्छेदाचा आशय मराठीत असा ठेवावा:

> “आमच्या कंपनीच्या संचालक मंडळाने दिनांक ______ रोजीच्या सभेत केलेल्या ठरावान्वये मला मिळालेल्या अधिकारानुसार, मी खाली ओळख दिलेल्या आमच्या कर्मचाऱ्यास, कर्जखाते क्रमांक ______ मध्ये आपल्याकडे ठेवलेले व सोबतच्या यादीत नमूद केलेले मूळ कागद कंपनीच्या वतीने ताब्यात घेण्याचा, आणि जे कागद त्यास प्रत्यक्ष मिळतील तेवढ्यांचीच पोच आपल्या नोंदवहीत वा पावतीवर सही करून देण्याचा अधिकार देत आहे. यादीतील एखादा कागद न मिळाल्यास, अपूर्ण किंवा खराब स्थितीत मिळाल्यास, तसा शेरा पावतीवर लिहिण्याचा त्यास अधिकार आहे. कोणताही दावा सोडून देणे, हिशेब मान्य करणे, रक्कम स्वीकारणे अथवा अन्य कोणताही करार वा दस्त करणे यांचा अधिकार या पत्राने दिलेला नाही. हे पत्र दिनांक ______ पर्यंत व एकाच वेळच्या वापरासाठी वैध आहे.”

याखाली प्रतिनिधीचे नाव, हुद्दा, ओळखपत्राचा प्रकार आणि त्याच्या नमुना सह्या घ्याव्यात. त्या सह्यांशेजारी “वरील सह्या माझ्यासमोर केल्या” असे लिहून पत्र देणाऱ्या संचालकाने सही करावी. शेरा लिहिण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला असणे फार उपयोगी पडते. त्याशिवाय प्रतिनिधी काउंटरवर दबतो. “तुम्हाला फक्त सही करायला पाठवले आहे, शेरे मारायला नाही” असे ऐकून पुष्कळ भली माणसे निमूटपणे सही करून येतात.

यादी पत्रातच लिहावी की वेगळी जोडावी?

चार-पाच कागद असतील तर पत्रातच लिहावी. त्याहून जास्त असतील तर वेगळी जोडावी, मात्र पत्रात “पाने दोन असलेली यादी सोबत जोडली आहे” असा उल्लेख असावा आणि यादीच्या प्रत्येक पानावर पत्र देणाऱ्याचीच सही असावी.

“जागेचे सर्व कागद” ही यादी होत नाही. आपल्या उदाहरणात ती अशी होईल: १. जीआयडीसीचे मूळ वाटपपत्र; २. नोंदणीकृत भाडेपट्ट्याचा मूळ दस्त, क्रमांक व तारखेसह, एकूण पाने ४२, शेवटचे पान नकाशा; ३. कब्जा पावती, मूळ; ४. तारणापोटी दिलेले कोरे धनादेश सहा, क्रमांकांसह; आणि ५. बँकेने नव्याने द्यायचे येणे बाकी नसल्याचे प्रमाणपत्र. मूळ की प्रत, पाने किती आणि क्रमांक काय, या तीन गोष्टी प्रत्येक नोंदीत असल्या तर शाखेतले काम लवकर उरकते. ही माहिती कर्ज घेताना कागद बँकेत ठेवले तेव्हा बँकेने दिलेल्या यादीवरून घ्यावी, आठवणीवरून लिहू नये.

शाखेत गेल्यावर काही कागद कमी निघाले तर?

उदाहरण पुढे नेऊ. लेखापाल शाखेत बसून पाने मोजतो. भाडेपट्ट्याची ४१ पाने भरतात, नकाशा त्यात नाही. धनादेश सहाऐवजी पाच आहेत. बाकी सर्व ठीक आहे. पावतीवर मात्र “सर्व मूळ कागद सुस्थितीत मिळाले, कोणताही दावा नाही” हे छापलेले आहे.

मिळालेले कागद सोडून परत येण्याची गरज नाही. त्याने पावतीवर सहीच्या वर, सहीच्याच शाईने असे लिहावे: “अनुक्रमांक २ मधील पान ४२ (नकाशा) व अनुक्रमांक ४ पैकी एक धनादेश, क्रमांक ______, मिळाला नाही. उर्वरित मिळाले. ही सही अधिकारपत्राच्या मर्यादेत फक्त मिळालेल्या कागदांच्या पोचेची आहे.” दाव्यासंबंधीचे छापील वाक्य खोडायला शाखा तयार असेल तर ते खोडून दोघांनी लघुसही करावी. तयार नसेल तर वरील शेरा पुरेसा धरून चालावे. शेराही लिहू देत नसतील तर सही करू नये, शाखेतूनच संचालकाला फोन करावा आणि त्याच दिवशी कंपनीच्या नोंदणीकृत ई-मेलवरून शाखेला घडलेला प्रकार कळवावा.

हरवलेल्या कोऱ्या धनादेशाकडे नकाशापेक्षाही आधी लक्ष द्यावे. नकाशाची प्रत जीआयडीसीकडे मागता येते. सही केलेला कोरा धनादेश मात्र कोणाच्याही हाती पडू शकतो. तो ज्या खात्याचा आहे त्या बँकेला त्याच दिवशी लेखी कळवून त्याचे पैसे देणे थांबवावे. जे पाच मिळाले ते शाखेतच आडवी रेघ मारून रद्द करावेत. हे करण्याचा अधिकार पत्रात आधीच लिहिलेला असला तर प्रतिनिधीला विचारत बसावे लागत नाही.

पत्रावर सही कोणी करावी? एका संचालकाची पुरते का?

संचालक आहे एवढ्यावरून तो एकटा कंपनीच्या वतीने काहीही लिहून देऊ शकतो, असे नाही. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २१ नुसार कंपनीच्या वतीने प्रमाणित करायच्या कागदावर मुख्य व्यवस्थापकीय पदाधिकारी किंवा संचालक मंडळाने त्यासाठी अधिकार दिलेला अधिकारी वा कर्मचारी सही करू शकतो. लहान खासगी कंपन्यांत व्यवस्थापकीय संचालक असे पद अनेकदा रीतसर नेमलेलेच नसते, फक्त व्हिजिटिंग कार्डावर असते. म्हणून मंडळाचा ठराव करून त्याची प्रमाणित प्रत पत्राला जोडणे हाच सरळ मार्ग आहे.

ठरावात एक वाक्य विसरू नये. संचालकाला कागद घेण्याचा अधिकार द्यावाच, पण “त्यासाठी कंपनीच्या कोणत्याही कर्मचाऱ्यास लेखी अधिकार देण्याचा” अधिकारही द्यावा. करार अधिनियमाच्या कलम १९० चा मूळ नियम असा आहे की, जे काम स्वतः करण्याचे प्रतिनिधीने स्वीकारले ते तो दुसऱ्यावर सोपवू शकत नाही. व्यापारातील रूढी किंवा कामाचे स्वरूप यांमुळे काही अपवाद होतात. ठरावात हे वाक्य नसेल तर बँकेचा कायदा विभाग नेमका तेथेच बोट ठेवतो. याहून सोपा मार्ग म्हणजे मंडळाने ठरावातच लेखापालाचे नाव घालून त्याला थेट अधिकार देणे. मग संचालकाचे पत्र हे केवळ त्या ठरावाची कळवणी ठरते.

ठरावाच्या प्रतीवर “खरी प्रत” म्हणून, ज्याला अधिकार दिला आहे त्याच्याऐवजी दुसऱ्या संचालकाने सही केलेली बरी. सभेच्या इतिवृत्तावर अध्यक्षांची सही व्हायची असली, तरी झालेल्या ठरावाची प्रमाणित प्रत देता येते, त्यासाठी थांबावे लागत नाही.

पत्राची तारीख आणि ठरावाची तारीख यांत काही नाते असावे लागते का?

ठराव आधी, पत्र नंतर किंवा त्याच दिवशी. माझ्या हातून एकदा पत्रावर ठरावाच्या आदल्या दिवसाची तारीख पडली होती, कारण मसुदा आदल्या दिवशी टाइप केला होता. अधिकार मिळण्यापूर्वीच तो दुसऱ्याला दिल्यासारखे दिसले, आणि दांडिया बाजारातून अलकापुरीपर्यंत गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत आला. तेव्हापासून पत्राचा मसुदा तयार असला तरी तारखेची जागा मी ठराव होईपर्यंत कोरी ठेवतो.

लेटरहेडच हवे का? शिक्का हवा का?

लेटरहेड वापरावे. कंपनी अधिनियमाच्या कलम १२ नुसार व्यावसायिक पत्रांवर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कंपनी ओळख क्रमांक, दूरध्वनी आणि ई-मेल छापलेला असावा लागतो. बँक हे तपशील आपल्या नोंदींशी ताडून पाहते. नोंदणीकृत कार्यालय मकरपुऱ्याहून दुसरीकडे हलवले असेल आणि बँकेला कळवले नसेल, तर कागद घ्यायला जाण्यापूर्वी ते कळवावे.

कंपनीचा सामाईक शिक्का २०१५ च्या दुरुस्तीनंतर ऐच्छिक झाला आहे. सहीखाली नेहमीचा रबरी शिक्का मारावा, कारण शाखेत तो विचारला जातो. पण त्याने अधिकार निर्माण होत नाही. अधिकार ठरावाने येतो.

स्टॅम्प पेपर लागतो का? हे मुखत्यारपत्र होते का?

ठरावीक कागद एकदाच घेऊन येण्यासाठी बँका सहसा लेटरहेडवरचे पत्र आणि ठरावाची प्रत स्वीकारतात. तरीही मुखत्यारपत्राची कायदेशीर व्याख्या व्यापक आहे. एखाद्या ठरावीक व्यक्तीला आपल्या नावाने व आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार देणारा लेख तिच्यात येऊ शकतो. त्यामुळे एखादी शाखा स्टॅम्प पेपरची मागणी करत असेल तर वाद घालण्यापेक्षा गुजरातच्या मुद्रांक कायद्यानुसार मुद्रांक लावून पत्र द्यावे. मागणी कोणती आहे, हे जाण्यापूर्वी ई-मेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे.

एक हद्द मात्र पक्की आहे. गहाण मुक्त करण्याचा दस्त करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा असेल, तर हे पत्र तेथे चालत नाही. दुसऱ्याच्या वतीने दस्त नोंदणीसाठी हजर करणाऱ्याला नोंदणी अधिनियमानुसार प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र लागते. आणि कंपनीच्या वतीने दस्त करण्यासाठी मुखत्यार नेमायचा असेल, तर शिक्का नसलेल्या कंपनीत कलम २२ नुसार दोन संचालकांची, किंवा एक संचालक व कंपनी सचिव यांची सही लागते.

प्रतिनिधीचा आधार क्रमांक पत्रात लिहावा का?

पूर्ण क्रमांक लिहू नये. ओळखपत्राचा प्रकार आणि शेवटचे चार अंक पुरतात, मूळ ओळखपत्र प्रतिनिधीने दाखवावे. नावाचे वर्णलेखन मात्र ओळखपत्राप्रमाणे अक्षरन्‌अक्षर असावे. वडोदऱ्यातील मराठी माणसाच्या बाबतीत हे विशेष पाहावे लागते, कारण तेच आडनाव गुजराती शाळेच्या दाखल्यात एका तऱ्हेने, पॅन कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने आणि कंपनीच्या हजेरीपटावर तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेले सापडते. पत्रही शाखेतल्या अधिकाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे इंग्रजीत किंवा गुजरातीत द्यावे.

दोन प्रतिनिधींची नावे घातली तर चालेल का?

चालेल, पण “दोघांनी मिळून” की “दोघांपैकी कोणीही एक” हे लिहिलेच पाहिजे.

पत्र दिल्यानंतर प्रतिनिधी नोकरी सोडून गेला, किंवा पत्र देणारा संचालकच पायउतार झाला तर?

प्रतिनिधीचा अधिकार काढून घ्यायचा असेल तर घरात ठराव करून भागत नाही. करार अधिनियमाच्या कलम २०८ नुसार तिऱ्हाइताच्या बाबतीत अधिकार तेव्हाच संपतो, जेव्हा ते त्याला कळते. म्हणून बँकेला लेखी कळवून त्याची पोच घ्यावी आणि मूळ पत्र प्रतिनिधीकडून परत घ्यावे. पत्रात मुदतीची तारीख घालण्याचे खरे कारण हेच आहे. पंधरा दिवस पुरेसे असतात.

संचालक गेला म्हणून पत्र आपोआप रद्द होत नाही, कारण अधिकार कंपनीने दिलेला असतो आणि कंपनी तशीच असते. मात्र शाखेच्या नोंदीत त्या संचालकाचे नाव राहिलेले नसेल तर नवे पत्र मागितले जाईल, तेव्हा नवे देणेच सोयीचे.

कागद देण्यास उशीर झाल्यास बँकेकडून दररोज ५,००० रुपये मिळतात, हे कंपनीलाही लागू आहे का?

सप्टेंबर २०२३ मधील रिझर्व्ह बँकेचा तो निर्देश वैयक्तिक कर्जांच्या संदर्भात काढलेला आहे. कंपनीने आपल्या पत्रव्यवहारात त्याच्यावर भिस्त ठेवू नये. कर्जकरारातील कागद परत करण्याचे कलम पाहावे.

कंपनीच्या बाजूला मात्र एक मुदत चालू असते आणि ती कागद मिळण्याची वाट पाहत नाही. कर्ज फिटल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत बोजा फिटल्याची सूचना सीएचजी-४ या नमुन्यात कंपनी निबंधकाकडे द्यावी लागते. ती राहिल्यास जादा शुल्क भरून ३०० दिवसांपर्यंत देता येते. तिला बँकेचे येणे बाकी नसल्याचे पत्र जोडावे लागते, म्हणून लेखापालाच्या यादीत तो कागद असायलाच हवा आणि मूळ कागद मिळण्यास वेळ लागणार असेल तर निदान ते पत्र आधी मागून घ्यावे. सीएचजी-४ वरची डिजिटल सही लेखापालाच्या या अधिकारपत्रात येत नाही, ती संचालकाने स्वतः करायची असते.

काम झाल्यावर कोणता कागद कोणाकडे राहतो?

मूळ अधिकारपत्र आणि ठरावाची प्रत बँक ठेवून घेते. कंपनीकडे अधिकारपत्राची शाखेच्या शिक्क्यानिशी पोच घेतलेली प्रत आणि शेऱ्यासह असलेल्या पोचपावतीची प्रत राहिली पाहिजे. बँकेच्या नोंदवहीत सही घेतली असेल आणि वेगळी पावती दिली नसेल, तर प्रतिनिधीने आपल्याकडील यादीच्या दुसऱ्या प्रतीवर “वरीलप्रमाणे दिले” असे लिहवून घेऊन अधिकाऱ्याची सही, तारीख व शिक्का घ्यावा. परत आल्यावर दोन्ही संचालकांपैकी एकाने पुन्हा पाने मोजून त्या यादीवर कंपनीच्या दप्तरी जमा झाल्याची नोंद करावी, म्हणजे शाखेतून निघाल्यापासून दप्तरात येईपर्यंत कागद कोणाच्या ताब्यात होते हे लेखी राहते आणि प्रतिनिधीही आपल्या जबाबदारीतून रीतसर मोकळा होतो.